खेकड्याची नांगी

पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात त्वचारोग पाहणारे डॉक्टर जाँ-लुई आलिबेर यांनी 1806 साली एका विचित्र वाढीचं वर्णन केलं. जखम भरून आल्यावर तिथला वण थांबतच नव्हता. आजूबाजूच्या चांगल्या कातडीत तो नांग्या रोवल्यासारखा पसरत होता. आलिबेर यांनी त्याला कर्करोगावरून नाव दिलं. पण हा कर्करोग नव्हे, हे ध्यानात आल्यावर दहाएक वर्षांनी त्यांनी ते बदललं. ग्रीक भाषेत खेकड्याच्या नांगीला ‘खेले’ म्हणतात, त्यावरून ‘केलॉइड’. गंमत अशी, की कर्क म्हणजेही खेकडाच. रोगाची भीती गेली, खेकडा मात्र नावात राहिला.

ते बरंच झालं, कारण ओळखीची खूण त्या नांगीतच आहे. साधा फुगलेला वण आणि केलॉइड यांत पुढची दीडशे वर्षं घोळ होत राहिला. 1970 साली अमेरिकी शल्यविशारद अर्ल पीकॉक आणि सहकाऱ्यांनी सोपी रेघ आखून दिली: वण मूळ जखमेच्या हद्दीत फुगला तर तो साधा, हद्द ओलांडली तर केलॉइड.

आता दोन फोटो शेजारी ठेवू. पहिला सिझेरियनचा, चार महिन्यांनंतरचा. लाल, दोरीसारखा उंच वण, पण टाक्यांच्या रेषेतच. असा वण बहुधा पहिल्या दोन महिन्यांत फुगतो आणि पुढे वर्ष-दोन वर्षांत बसत जातो. दुसरा कानाच्या पाळीचा. टोचलेलं भोक सुईएवढं, पण वर्षभराने पाळीमागे बोराएवढी गुळगुळीत, टणक गाठ. भोकाच्या कितीतरी बाहेर गेलेली, म्हणजे केलॉइडच असण्याची शक्यता मोठी. मात्र टोचल्यावर दोन-तीन आठवड्यांतच आलेला ओलसर, दुखरा फुगवटा बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचा किंवा डुलाच्या घासण्याचा असतो. फोटोची अडचण हीच, की त्यात काळ दिसत नाही आणि खाजही दिसत नाही. म्हणून दर महिन्याला त्याच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावा.

साध्या वणाला सिलिकॉनची पट्टी रोज बारा तास किंवा अधिक, काही महिने लावली की बहुधा पुरतं. केलॉइडमध्ये ट्रायम्सिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं थेट गाठीत देतात, साधारण दर चार ते सहा आठवड्यांनी. त्याने गाठ मऊ पडते, चपटी होते, खाज कमी होते. कधी तिथली कातडी पातळ किंवा पांढरट होते, हे आधी माहीत असावं.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे नुसतं कापून टाकणं. कापणं ही नवी जखमच. अशा निम्म्याहून अधिक गाठी परत येतात, कधी आधीपेक्षा मोठ्या. शस्त्रक्रियेला जोड लागते: पाळीवर दाब देणारी क्लिप, इंजेक्शनं, हट्टी गाठीला शस्त्रक्रियेनंतर लगोलग किरणोपचार. तेव्हा कोणी ‘दहा मिनिटांत काढून देतो’ म्हटलं, तर आधी विचारा: काढल्यानंतरच्या सहा महिन्यांत काय करणार?