पाठीतलं पाणी : चौतीस तासांचा घटनाक्रम

बुधवारी पहाटे ४ वाजता त्याच्या डाव्या डोळ्याची बाहुली एकाएकी मोठी झाली आणि टॉर्चच्या उजेडाला दाद देईना. मेंदू सुजून कवटीच्या आत जागा उरली नाही, की तो खालच्या फटीकडे सरकतो आणि वाटेतली नस दाबतो. तेव्हा असं होतं. तिथून मागे मोजत गेलं, तर ही घसरण ३४ तासांची भरते.

हा रुग्ण कुणी एक माणूस नाही. सर्दीनंतर कान ठणकणारा, चाळिशीतला, तालुक्याच्या गावातला असा माणूस मेनिंजायटिस घेऊन शहरातल्या रुग्णालयात कसा पोहोचतो आणि वाटेत वेळ कुठे जातो, ते इथे एकाच्या नावावर मांडलं आहे.

सोमवार, संध्याकाळी ६ : ३४ तास आधी

कान दोन दिवस ठणकतो आहे. आज थंडी वाजून ताप आला आणि डोकं दुखू लागलं. कानातला न्यूमोकॉकस हा जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला आहे, पण हे अजून कुणाला ठाऊक नाही. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती साधारण १५० मिलिलिटर पाणी असतं. ते रोज नव्याने तयार होतं आणि शोषलं जातं. निरोगी माणसाच्या या पाण्यात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात आणि रक्तातली संरक्षक प्रथिनंही फारशी नसतात. रक्तात जंतूला अडवणारे असतात, इथे त्याला रान मोकळं मिळतं.

मंगळवार, पहाटे २ : २६ तास आधी

दोनदा उलटी झाली. दिवा लावला की डोळ्यांवर हात घेतो. घरात पित्ताची गोळी होती, ती दिली.

मंगळवार, सकाळी १० : १८ तास आधी

गावातल्या दवाखान्यात एक सलाईन, एक इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या मिळाल्या. मान कुणी वाकवून पाहिली नाही. डॉक्टरला लगेच दोष देऊ नये. ताप, ताठर मान आणि भान हरपणं ही पुस्तकातली तीन लक्षणं निम्म्याहून अधिक रुग्णांत एकत्र दिसत नाहीत, हे नेदरलँड्समधल्या मोठ्या पाहणीत आढळलं होतं. मात्र त्या तिन्हींत डोकेदुखी मिळवली, तर चारांतली किमान दोन लक्षणं जवळजवळ प्रत्येकात होती. या माणसात त्या सकाळी दोन होतीच.

गोळ्यांनी वेगळाच घोळ केला. त्यांतलं औषध मेंदूच्या पाण्यात जंतू मारण्याइतकं पोहोचत नाही. पण पुढे प्रयोगशाळेत तो जंतू वाढवून बघायचा म्हटलं, तर तो न वाढण्याइतपत पोहोचू शकतं.

मंगळवार, संध्याकाळी ६ : १० तास आधी

असंबद्ध बोलू लागला. मुलीला ओळखलं नाही. शेजाऱ्याची जीप काढली.

मंगळवार, रात्री ८ : ८ तास आधी

कॅज्युअल्टीतल्या निवासी डॉक्टरने मानेखाली हात घालून डोकं उचललं, तर खांद्यांसकट धड वर आलं. निदान तिथेच जवळपास झालं. या क्षणी करायचं काम ठरलेलं आहे. कल्चरसाठी रक्त घ्यायचं, डेक्सामेथासोन द्यायचं आणि त्याच्यासोबत शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन व व्हॅन्कोमायसिन. हे सगळं रुग्ण आल्यापासून तासाभरात व्हायला हवं. डेक्सामेथासोन अँटिबायोटिकच्या आधी किंवा बरोबर का, तर जंतू फुटताना त्यांच्या तुकड्यांनी सूज भडकते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत न्यूमोकॉकसच्या रुग्णांमधले मृत्यू या औषधाने ३४ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आले होते.

पण केसपेपरवर क्रम लिहिला गेला तो असा : आधी सीटी, मग एलपी म्हणजे पाठीतलं पाणी तपासायला काढणं, मग अँटिबायोटिक. “आधी औषध दिलं तर पाण्यात जंतू सापडणार नाही” ही भीती त्यामागे होती. ती अर्धी खरी आहे. शिरेतून औषध गेल्यावर न्यूमोकॉकस चारेक तासांत कल्चरमधून नाहीसा होऊ लागतो, मेनिंगोकॉकस तर दोन तासांतही. पण पेशी, प्रथिनं आणि साखर यांची साक्ष इतक्या लवकर पुसली जात नाही. कल्चरसाठी रक्त आधीच घेतलेलं असतं. एलपी लगेच होणार नसेल, तर औषध थांबवून ठेवायला कारणच उरत नाही.

मंगळवार, रात्री १० : ६ तास आधी

सीटीसाठी रांग होती. अपघातातले दोघं पुढे होते. अखेर अहवाल आला, ‘नॉर्मल’. नातेवाईकांचे चेहरे उजळले, आणि इथे जरा थांबायला हवं. नॉर्मल सीटीने मेनिंजायटिस नाही असं ठरत नाही. आतला दाब वाढलेला नाही, असंही ठरत नाही. सीटी बघायचा तो गाठ, गळू किंवा एका बाजूची सूज शोधायला. तसं काही असताना खालून पाणी काढलं, तर वरचा मेंदू खाली ओढला जाण्याचा धोका असतो. म्हणून नुकती फिट आलेला, एका बाजूची ताकद गेलेला, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर सूज असलेला किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेला रुग्ण असेल, तर आधी सीटी करतात. भान कमी असलेल्यालाही या यादीत घालण्याची प्रथा आहे. स्वीडनने २००९ मध्ये हे शेवटचं कलम आपल्या सूचनांतून काढलं. त्यानंतर तिथे उपचार लवकर सुरू होऊ लागले आणि मृत्यूही घटल्याचं दिसलं.

मंगळवार, रात्री ११ : ५ तास आधी

संमतीचा कागद पुढे आला आणि मेहुणा उठून उभा राहिला. “पाठीतनं पाणी काढलं की माणूस जन्माचा लुळा पडतो. दाजींना हात लावायचा नाही.”

डॉक्टर तरुण होती, पण चिडली नाही. “दादा, मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी. आपण सुई घालतो ती तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये किंवा त्याच्याही खाली. तिथं पाण्यात नुसत्या नसांचे धागे सुटे असतात, सुई आली की ते बाजूला सरकतात.”

“डोकं दुखत राहतं म्हणतात.”

“काहींना दुखतं. बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. बहुतेकांचं काही दिवसांत थांबतं.”

रुग्णाची बायको एवढा वेळ गप्प होती. तिने विचारलं, “माझ्या सिझरच्या वेळी भुलीची सुई टोचली होती, ती इथंच ना?” इथंच, असं कळल्यावर तिने सही केली. तोवर पाऊण तास गेला होता. लुळं पडण्याची ही समजूत बहुधा आजारातूनच आली असावी. ज्यांना एलपी लागतं, त्यांतले अनेक आधीच गंभीर असतात, आणि पुढे जे होतं त्याचं खापर सुईवर फुटतं.

बुधवार, रात्री १२ : ४ तास आधी

प्लेटलेट पुरेशा आहेत, रक्त गोठतं आहे आणि टोचायच्या जागी त्वचेला संसर्ग नाही, हे पाहून घेतलं. त्याला डाव्या कुशीवर, पाठ कॉटच्या कडेशी, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी असं मुडपून धरलं. एका ब्रदरने ही मुडप शेवटपर्यंत सोडली नाही. निम्मं यश त्याच्या हातात असतं, कारण पाठ वाकली तरच मणक्यांमधली फट उघडते. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांचे माथे जोडणारी रेषा चौथ्या मणक्यावरून जाते. तिथे बोटाने चाचपून जागा ठरवली, लिग्नोकेनने बधिर केली आणि सुई बेंबीच्या रोखाने सरकवली. एकदा हाड लागलं. सुई त्वचेपर्यंत मागे घेऊन कोन बदलला. मग हाताला एक हलकी सूट जाणवली, आतली सळई काढली आणि पाणी आलं.

आधी दाब मोजला : ३८ सेंटिमीटर. आडव्या झालेल्या माणसात २०-२५च्या वर गेला की तो वाढलेला समजायचा. पाणी निर्मळ असायला हवं होतं, ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं. नुसत्या डोळ्यांनी हे दिसायला पांढऱ्या पेशी शेकड्यांनी असाव्या लागतात. पाणी सिरिंजने ओढत नाहीत, आपोआप थेंब थेंब येऊ देतात. चार नळ्यांत मिळून ८ मिलिलिटर घेतलं. सुईने वाटेत एखादी रक्तवाहिनी फुटली, तर पहिल्या नळीत लाल दिसतं आणि पुढच्या नळ्यांत ते फिकं होत जातं. रक्तस्राव मेंदूभोवतीच असेल, तर सगळ्या नळ्या सारख्याच लाल राहतात. म्हणून नळ्यांवर क्रमांक टाकतात. त्याच वेळी रक्तातल्या साखरेसाठीही नमुना घेतला. हे हमखास विसरलं जातं.

अँटिबायोटिकचा पहिला डोस साडेबाराला गेला, म्हणजे रुग्णालयात आल्यानंतर साडेचार तासांनी.

बुधवार, रात्री १ : ३ तास आधी

नळ्या डॉक्टरनेच हाताने प्रयोगशाळेत नेल्या. पाण्यातल्या न्यूट्रोफिल पेशी बाहेर ठेवल्या की तासागणिक फुटतात. सकाळपर्यंत ठेवलं असतं, तर आकडा फसवा आला असता. कल्चरची नळी फ्रिजमध्ये ठेवली, तर काही जंतू गारठ्याने मरतात.

अहवालात पेशी २,४०० होत्या, आणि त्यांत ९२ टक्के न्यूट्रोफिल. निरोगी पाण्यात पाचाच्या आत असतात, त्याही लिम्फोसाइट. प्रथिनं ३१०, एरवी ४५च्या आत असतात. आवरणाला सूज आली की रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तातली प्रथिनं आत उतरतात. साखर १४. नुसत्या या आकड्याला अर्थ नाही. रक्तात त्या वेळी १४० होती, म्हणजे पाण्यात तिचा दहावा हिस्सा. दोन तृतीयांशाच्या आसपास हवी. चाळीस टक्क्यांच्या खाली गेली, की जिवाणूंचा संशय बळावतो, कारण सुजेमुळे साखर आत नीट पोहोचत नाही आणि जी पोहोचते ती खर्च होते.

हेच आकडे वेगळे असते तर वाट बदलली असती. पेशी शंभर-दोनशे, बहुतेक लिम्फोसाइट, पण साखर ठीक : विषाणूचा विचार करायचा. लिम्फोसाइट, भरपूर प्रथिनं, साखर कमी आणि आठवडा-दोन आठवड्यांचा ताप : आपल्याकडे आधी क्षयाचा विचार करायचा. क्षयातलं पाणी ठेवून दिलं तर कधी कधी त्यात बारीक जाळी धरते. त्याची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली, तरी क्षय नाही असं म्हणता येत नाही. अर्धवट अँटिबायोटिक घेतलेल्या जिवाणूजन्य रुग्णाचं पाणीही कधी याच चेहऱ्याचं दिसतं. तिथेच खरी डोकेफोड होते.

इथे डोकेफोड नव्हती. ग्रॅम रंगद्रव्याने रंगवलेल्या काचेवर जांभळे, जोडीजोडीने बसलेले जंतू दिसले. न्यूमोकॉकस. मेनिंगोकॉकस असता तर जोड्या गुलाबी दिसल्या असत्या.

बुधवार, पहाटे ४

आधी फिट, मग बाहुली. श्वास अडखळला, नळी घालून व्हेंटिलेटर लावला, मॅनिटॉल दिलं.

मेहुणा म्हणाला, “पाणी काढलं म्हणूनच.” या एकट्या रुग्णात त्याचं म्हणणं शंभर टक्के खोडता येणार नाही. पण मेनिंजायटिसमध्ये मेंदू सुजून खाली सरकतो तो एलपी न केलेल्यांतही, आणि ३८ सेंटिमीटरचा दाब पाणी काढण्याच्या आधीचा होता.

कल्चर दोन दिवसांनी आलं : वाढ नाही. सकाळच्या गोळ्यांनी जंतूचं नाव पुसलं होतं. काचेवर तो दिसला नसता, तर औषधं अंदाजानेच चालली असती. शुक्रवारी रुग्ण गेला.

ताप, डोकेदुखी आणि बरळणं घेऊन कुणाला रुग्णालयात नेत असाल, तर आधी घेतलेल्या प्रत्येक गोळीची रिकामी पट्टी सोबत न्या आणि ती न विचारता डॉक्टरांच्या हातात द्या. सीटीच्या रांगेत असाल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता गेला, हे नम्रपणे पण स्पष्ट विचारा. आणि पाठीतल्या पाण्यासाठी सही मागितली, तर शंका तिथेच विचारून घ्या आणि सही करा.