विश्लेषण : ‘किंवा’ म्हणजे एकच की दोन्ही? नाशिकच्या १९०९ च्या खटल्यातून समजून घेऊया

८ जून १९०९ रोजी नाशिकमध्ये गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांची मालमत्ताही सरकारजमा करण्याचा आदेश निघाला. त्यांनी ना बंदूक चालवली होती, ना कुठल्या ठाण्यावर हल्ला केला होता. १९०८ साली ‘लघु अभिनव भारत माला’ नावाने छापलेल्या कवितांच्या पुस्तिकेवरून हा खटला उभा राहिला होता. कलम मात्र होते १२१ : सम्राटाविरुद्ध युद्ध.

कवितेला युद्धाचे कलम कसे लागले? त्यामागचे राजकारण सर्वांना माहीत आहे. पण कायद्याच्या बाजूने पाहिले तर उत्तर बऱ्याच अंशी एका छोट्या शब्दात आहे : ‘किंवा’. या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि ते वेगळे न केल्यामुळे या खटल्याबद्दल आजही उलटसुलट विधाने केली जातात.

‘किंवा’चे दोन अर्थ कोणते?

मराठीत बोलताना फारशी अडचण येत नाही. ‘चहा घेणार की कॉफी?’ असे विचारले तर एकच काहीतरी निवडायचे असते. ‘आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र आणा’ असे सांगितले आणि कुणी दोन्ही घेऊन आले, तर त्याला कुणी परत पाठवत नाही. पहिल्या प्रकारात एक घेतले की दुसरे बाद होते. त्याला व्यावर्तक ‘किंवा’ म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात निदान एक असले की पुरे, दोन्ही असले तरी चालते. तो समावेशक ‘किंवा’.

दोन्ही अर्थांत फरक पडतो तो एकाच ठिकाणी. ‘अ किंवा ब’ या विधानात अ खरे आणि ब खोटे असेल, तर दोन्ही अर्थांनी विधान खरे. उलट असले तरी खरेच. दोन्ही खोटे असतील तर दोन्ही अर्थांनी खोटे. प्रश्न येतो तो दोन्ही खरे असताना. तिथे समावेशक अर्थ होकार देतो आणि व्यावर्तक अर्थ नकार. गणितात आणि तर्कशास्त्रात ‘किंवा’ समावेशकच धरला जातो, एकच हवे असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. कायद्याच्या भाषेत असा एक ठरीव नियम नाही. तिथे ‘किंवा’ कोणत्या दोन गोष्टींना जोडतो, हे पाहूनच अर्थ ठरवावा लागतो.

एकाच वाक्यात दोन्ही ‘किंवा’

भारतीय दंड संहिता १८६० सालची. तिचे कलम १२१ तेव्हाच्या रूपात साध्या मराठीत सांगायचे तर असे होते : जो कोणी सम्राटाविरुद्ध युद्ध करील, किंवा तसे युद्ध करण्याचा प्रयत्न करील, किंवा तशा युद्धाला अपप्रेरणा देईल, म्हणजे चिथावणी किंवा मदत करील, त्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होईल आणि त्याची सर्व मालमत्ता सरकारजमा होईल.

वाक्य एकच, पण त्यातले सगळे ‘किंवा’ सारखे नाहीत. पहिले दोन ‘किंवा’ कृत्यांना जोडतात. युद्ध, प्रयत्न आणि अपप्रेरणा यांपैकी एक केले तरी माणूस कलमात सापडतो. दोन केली म्हणून तो सुटत नाही, तिन्ही केली तरी नाही. तीन गोष्टींपैकी निदान एक असण्याचे सात मार्ग होतात आणि सातही मार्गांनी कलम लागू होते. हे ‘किंवा’ व्यावर्तक मानले, तर एखाद्याने स्वतः युद्ध केले आणि वर दुसऱ्यांनाही चिथावले, तर तो निर्दोष ठरेल. असा कायदा कुणी लिहिणार नाही.

पुढचा ‘किंवा’ शिक्षांना जोडतो. मृत्युदंड आणि जन्मठेप या दोन्ही शिक्षा एकाच गुन्ह्यासाठी एकाच माणसाला भोगायला लावता येत नाहीत. तिथे न्यायाधीशाने एकच निवडायची असते. म्हणून हा ‘किंवा’ व्यावर्तक. मालमत्तेच्या वेळी मात्र वाक्य ‘आणि’वर जाते, त्यामुळे तिथे निवडीला जागाच नव्हती. शिक्षा कोणतीही झाली तरी घरदार जाणारच. जप्तीची ही तरतूद १९२१ च्या दुरुस्तीने गेली आणि तिच्या जागी दंड आला.

मग कविता युद्धाच्या कलमात कशी बसली?

बाबारावांवरचा आरोप युद्ध केल्याचा नव्हता, युद्धाला अपप्रेरणा दिल्याचा होता. म्हणजे तीन पर्यायांपैकी तिसरा. उच्च न्यायालयात अपील गेले तेव्हा न्या. नारायण चंदावरकर यांनी कविता वाचून काढलेला निष्कर्ष असा, की देवांची आणि शिवाजी महाराजांसारख्या वीरांची नावे घेऊन लेखक चालू सरकारविरुद्ध शस्त्र उचलायला सांगतो आहे. १९०९ सालीच उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली.

इथेही एक ‘की’ दडलेला आहे. ही कविता इतिहासाबद्दल आहे की वर्तमानाबद्दल? प्रश्न असा विचारला की ऐकणारा आपोआप एकच उत्तर निवडतो. ती इतिहासाबद्दल आहे असे दाखवून दिले, की ती वर्तमानाबद्दल नाही हे सिद्ध झाल्यासारखे वाटते. पण कविता एकाच वेळी दोन्हींबद्दल असू शकते, आणि न्यायालयाने ती तशीच वाचली. ते वाचन योग्य होते का, हा वेगळा वाद आहे. ‘ही ऐतिहासिक कविता आहे’ एवढ्यावर तो वाद मिटत नाही, इतकेच.

तिसरा पर्याय नसता तर?

प्रत्यक्ष युद्ध तर झाले नाही, मग चिथावणीला एवढी शिक्षा कशी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. दंड संहितेत अपप्रेरणेचे एक स्वतंत्र प्रकरण होते. त्यातल्या कलम ११५ नुसार, मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला चिथावणी दिली पण तो गुन्हा घडलाच नाही, तर सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा होती. मात्र त्याच कलमात एक अट होती : अशा अपप्रेरणेसाठी संहितेत दुसरीकडे स्पष्ट तरतूद नसेल तरच हे कलम लागू होईल.

कलम १२१ ही ती स्पष्ट तरतूद. तिथे अपप्रेरणा युद्धाच्या शेजारी, त्याच वाक्यात, ‘किंवा’ने जोडून ठेवली होती. त्यामुळे तिला युद्धाइतकीच शिक्षा होती आणि युद्ध प्रत्यक्ष घडण्याची अटही नव्हती. ‘युद्ध करील किंवा प्रयत्न करील’ एवढ्यावरच वाक्य संपले असते, तर फुकट गेलेल्या चिथावणीचा विचार बहुधा सात वर्षांच्या कलमाखाली झाला असता. जोडीला मालमत्ता गेली नसती.

या खटल्याबद्दल युक्तिवाद कुठे घसरतात?

पहिली घसरण सर्वांत जास्त आढळते. ‘कलम १२१ सिद्ध झाले, म्हणजे त्यांनी युद्ध पुकारल्याचे न्यायालयाने मान्य केले.’ कलमाचे इंग्रजी शीर्षकच ‘युद्ध करणे’ या शब्दांनी सुरू होते, म्हणून हे पटकन खरे वाटते. पण ‘अ किंवा ब किंवा क’ खरे आहे एवढे कळले, म्हणून अ खरे ठरत नाही. इथे ‘किंवा’चा कोणताही अर्थ घेतला तरी हा निष्कर्ष निघत नाही. कोणता पर्याय सिद्ध झाला हे कलमाच्या आकड्यावरून समजत नाही, त्यासाठी आरोपपत्र आणि निकाल पाहावा लागतो.

दुसरी घसरण उलट दिशेची. ‘अपप्रेरणा सिद्ध झाली, म्हणजे युद्ध किंवा प्रयत्न केला नाही असा न्यायालयाचा निर्वाळा आहे.’ हे व्यावर्तक वाचन झाले. कृत्यांमधला ‘किंवा’ समावेशक असल्याने एक पर्याय सिद्ध झाल्यावर बाकीच्यांबद्दल काहीच ठरत नाही. ते नाकारले गेले असे नाही आणि स्वीकारले गेले असेही नाही. ज्याचा आरोपच नव्हता त्यावर निर्वाळा नसतो.

घसरण ओळखायची एक सोपी खूण आहे. ‘अ किंवा ब’ आणि ‘अ नाही’ यांवरून ‘ब आहे’ असा निष्कर्ष काढला असेल, तर तो दोन्ही अर्थांनी बरोबर असतो. ‘अ किंवा ब’ आणि ‘अ आहे’ यांवरून ‘म्हणून ब नाही’ म्हटले असेल, तर तिथे थांबावे. तो निष्कर्ष फक्त व्यावर्तक अर्थाने टिकतो, आणि अर्थ व्यावर्तकच आहे हे म्हणणाऱ्याने दाखवायला हवे.

‘एकतर’ लिहिले की प्रश्न सुटतो का?

नाही. याच संहितेतले राजद्रोहाचे कलम १२४अ ‘शब्दांनी, मग ते बोललेले असोत किंवा लिहिलेले’ असे म्हणत असे. इंग्रजीत तिथे ‘आयदर’ होते, ज्याला आपण शाळेत ‘एकतर’ असे शिकतो. तरीही कविता छापली आणि सभेत म्हणूनही दाखवली, तर कलम लागू होणार नाही असा अर्थ कुणी काढत नसे.

शिक्षांच्या बाबतीत मात्र मसुदा लिहिणाऱ्यांनी काहीही गृहीत धरलेले नाही. चोरीच्या कलम ३७९ मध्ये ‘तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही’ असे स्पष्ट लिहिले होते. ‘किंवा दोन्ही’ हे शब्द वाचताना जास्तीचे वाटतात, पण ते नसते तर कैदेसोबत दंड करता येतो का, यावर प्रत्येक कोर्टात वाद घालता आला असता. मराठी नोटिसा आणि अर्जांमध्ये दिसणारे ‘व/किंवा’ हा त्याच कामाचा आळशी मार्ग आहे. दोन गोष्टी असतील तर तो कसाबसा चालतो, तीन झाल्या की कोणती कुणाशी जोडायची ते कळत नाही. त्यापेक्षा ‘यांपैकी निदान एक’ किंवा ‘यांपैकी फक्त एक’ असे लिहिले, तर दोन शब्द वाढतात पण अर्थ एकच राहतो.

आज काय स्थिती आहे?

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुने कलम १२१ आता कलम १४७ झाले आहे. सम्राटाच्या जागी भारत सरकार आहे, काळ्या पाण्याच्या जागी जन्मठेप आणि मालमत्तेच्या जप्तीऐवजी दंड. युद्ध, प्रयत्न आणि अपप्रेरणा यांना जोडणारे दोन ‘किंवा’ मात्र १८६० मध्ये होते तिथेच आहेत.