फेज-लॉक्ड लूप

फेज-लॉक्ड लूप हा आंदोलकाची वारंवारता स्थिर संदर्भ संकेताशी जखडून ठेवणारा इलेक्ट्रॉनिक परिपथ आहे. त्यातील फेज शोधक दोन संकेतांमधील फेजफरकानुसार विद्युतदाब देतो. लूप फिल्टर या दाबातील जलद चढउतार गाळतो आणि उरलेला संथ दाब आंदोलकाची वारंवारता ठरवतो. आंदोलक मागे पडू लागला की फेजफरक वाढतो, दाब चढतो व वारंवारता वाढते. लॉक झाल्यावर वारंवारतेतील फरक शून्य होतो. साध्या लूपमध्ये थोडा फेजफरक मात्र उरतो, कारण नियंत्रक दाब त्यातूनच मिळतो.

उदाहरणार्थ, ९८.३ मेगाहर्ट्‌झचे एफएम केंद्र ऐकण्यासाठी रेडिओतील स्थानिक आंदोलक १०.७ मेगाहर्ट्‌झ वर, म्हणजे १०९.० मेगाहर्ट्‌झवर ठेवतात. त्याच्या वारंवारतेला १०९० ने भागून येणारे १०० किलोहर्ट्‌झ स्फटिकापासून मिळवलेल्या तेवढ्याच संदर्भाशी ताडले जातात. भाजक १०९१ केला की लूप १०९.१ मेगाहर्ट्‌झवर सरकते आणि ९८.४ चे केंद्र लागते.

खरी अडचण फिल्टरची असते. त्याचा पट्टा रुंद ठेवल्यास संदर्भाची तरंगिका आंदोलकापर्यंत पोहोचून मुख्य वारंवारतेच्या दोन्ही बाजूंस १०० किलोहर्ट्‌झवर नको असलेले संकेत उमटतात. फार अरुंद ठेवल्यास लॉक होण्यास वेळ लागतो. नियंत्रक दाब एका टोकाला अडकून राहिला, तर आंदोलकाचा पल्ला अपुरा असल्याची शंका प्रथम घ्यावी.