व्यायामजन्य धाप, तरुण खेळाडूंमधील
धाप लागणाऱ्या तरुण खेळाडूला अनेकदा थेट दम्याचा पंप दिला जातो. त्याआधी धाप केव्हा लागते, श्वास घेताना की सोडताना, हे विचारावे. ८०० मीटर धावणाऱ्या मुलीचा गळा शेवटच्या टप्प्यात आवळला, श्वास घेताना घशातून कर्कश आवाज आला आणि थांबल्यावर काही मिनिटांत सारे निवळले, तर स्वरतंतू उघडण्याऐवजी मिटत असावेत. पंपाने ते सुटत नाहीत. व्यायाम चालू असतानाच दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून निदान पक्के होते. श्वासनलिकांच्या आकुंचनात खोकला आणि श्वास सोडतानाची घरघर बहुधा थांबल्यावर ५ ते १५ मिनिटांत वाढते. पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा किमान १० टक्क्यांनी घटते. नुसता सराव कमी असेल, तर आवाज नसतो, तपासण्याही निर्दोष येतात. पहिले दोन्ही विकार एकाच मुलीत असू शकतात.