जात्याचा खुंटा आणि परिबल

शहापूर-मुरबाडकडील घरांत गिरणी येण्यापूर्वी नागली जात्यावरच दळली जाई. मुरबाडहून नाणेघाट चढून गेल्यावर लागणारा मुलूख एके काळी सातवाहनांचा होता. त्या काळाची फिरती जाती नेवाशाच्या उत्खननात (१९५४-५६) सापडली आहेत.

या जात्याचा खुंटा मधल्या खिळ्याजवळ न बसविता कडेला का बसवितात? खिळ्यापासून १८ सेंटिमीटरांवर ४ किलो भाराइतका जोर पुरत असेल, तर ९ सेंटिमीटरांवर तो ८ किलो लागेल. जोर आणि अंतर यांचा गुणाकार, म्हणजेच परिबल, दोन्हीकडे सारखाच असतो. इंग्रजीतील ‘टॉर्क’ ही संज्ञा जेम्स टॉमसन यांनी १८८४ मध्ये सुचविली. तिचे मूळ ‘पिळणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. बिजागरीपासून दूर बसविलेली दाराची मूठ आणि लांब दांड्याचा पाना यांचेही गमक हेच.

मात्र श्रम वाचत नाहीत. कडेच्या खुंट्यासह हात एका फेऱ्यात सुमारे ११३ सेंटिमीटर फिरतो, आतल्या खुंट्यासह त्याच्या निम्मा. शिवाय जोर त्रिज्येला काटकोनात हवा. नवशिकी दळणारीण खुंटा खिळ्याच्याच दिशेने ओढते, तेव्हा तळी फिरत नाही. नुसती खिळ्यावर घासते.