अर्धा स्टोक्स मिळेल का?

फेब्रुवारी २०१७ च्या आयपीएल लिलावात पुण्याच्या संघाने बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतलं. गहुंजेच्या स्टेडियमवर, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या वेशीवरच, तो त्या हंगामात खेळला. महागडा माणूस घेतला की बाकीच्यांसाठी पैसे कमी उरतात, हे फँटसी टीम लावणाऱ्या कुणालाही सांगायला नको. पण या हिशेबाचा इतिहास क्रिकेटमध्ये नाही, तो स्वयंपाकघरात सुरू होतो.

अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लरने १९४५ मध्ये एक प्रश्न मांडला: ७७ खाद्यपदार्थांतून ९ पोषक घटक पुरेसे मिळतील असा सर्वात स्वस्त आहार कोणता? त्याने अंदाजाने काढलेलं उत्तर होतं वर्षाला ३९.९३ डॉलर. जॉर्ज डँट्झिगने १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत शोधली आणि तिची चाचणी याच प्रश्नावर झाली. टेबलावरच्या गणनयंत्रांवर नऊ कारकून बसले आणि १२० मनुष्यदिवस खपून उत्तर आलं ३९.६९ डॉलर. म्हणजे स्टिग्लर फक्त २४ सेंटांनी चुकला होता!

आपली टीमही तशीच. पदार्थांच्या जागी खेळाडू, किमतीच्या जागी क्रेडिट, फक्त इथे खर्चाला मर्यादा घालून गुण वाढवायचे. फरक एकच: कोबी अर्धा किलो घेता येतो, बॅट्समन नाही.

समजा नऊ जण ठरले, दोन जागा आणि १८ क्रेडिट उरले. उमेदवार चार:

```
A  10.5 क्रेडिट  60 गुण
B   9.0 क्रेडिट  48 गुण
C   8.0 क्रेडिट  38 गुण
D   7.5 क्रेडिट  30 गुण
```

लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतं: अख्खा B, ०.४ A आणि ०.६ C घ्या, ९४.८ गुण मिळतील. आता ०.४ A मैदानात कसा उतरवणार? साहजिकच आपण जवळच्या पूर्णांकाकडे वळतो: A सोडला, C घेतला. B आणि C मिळून ८६. ठीक वाटतं ना? पण A आणि D बरोबर १८ क्रेडिटमध्ये बसतात आणि ९० गुण देतात. गंमत म्हणजे अपूर्णांकाच्या उत्तरात D चं नावही नव्हतं.

यावरचा उपाय १९६० मध्ये आयल्सा लँड आणि अ‍ॅलिसन डॉइग या दोघींनी मांडला. अपूर्णांक आला की प्रश्नाचे दोन भाग करा. एकात A नक्की घ्यायचा: मग साडेसातच उरतात, म्हणून D येतो, ९०. दुसऱ्यात A घ्यायचाच नाही: B, C, ८६. मोठा आकडा ठेवा. आणि ९४.८ वाया गेलं नाही. त्याच्या वर कुठलीही जोडी जाऊच शकत नाही, ही हमी त्यानेच दिली. मोठ्या प्रश्नात याच हमीवर अख्ख्या फांद्या न तपासता छाटता येतात.

१९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये नरेंद्र करमरकरांनी लिनिअर प्रोग्रॅमिंगची नवी, वेगवान पद्धत दिली. तरी अर्ध्या खेळाडूचा प्रश्न तिनेही सुटत नाही, फांद्या कराव्याच लागतात.

उरले ते ६०, ४८ वगैरे गुण. ते आपलेच अंदाज. एखाद्याचा अंदाज फुगलेला असेल, तर गणित नेमकं त्यालाच आधी उचलतं. म्हणून A चे ५५ करून पुन्हा सोडवून बघा: A-D चे ८५ होतात आणि B-C जिंकतात. पाच गुणांच्या अंदाजावर टीम बदलते, हे मॅचच्या आधी कळलेलं बरं.