मतदारयादीत ‘विरार’ का सापडत नाही?

पीडीएफ फाईलमध्ये वाक्ये किंवा तक्ते नसतात. कोणती अक्षराकृती पानावर कोठे उमटवायची, एवढीच नोंद असते. त्यामुळे शोधसूची तयार करण्यापूर्वी मजकूर चुकीच्या पद्धतीने काढला, तर पडद्यावर स्वच्छ दिसणारे नावही शोधात ‘नाही’ ठरते.

मतदारयादी हे याचे चांगले उदाहरण. तिच्या पूर्ण भरलेल्या पानावर तीन स्तंभांत ३० चौकटी असतात. समजा, पहिल्या चौकटीत ‘मीना, पती सुरेश’ आणि शेजारच्या चौकटीत ‘लता, पती गणेश’ आहे. संगणकाने पान आडव्या ओळींनी वाचले, तर आधी ‘मीना लता’ आणि त्याखाली ‘सुरेश गणेश’ असा मजकूर हाती येतो. मीना आणि सुरेश यांचा एकत्रित शोध मग रिकामा परततो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक स्तंभ वेगळा कापून काढणे. ए-फोर पानाची रुंदी ५९५ पॉइंट असते. समासांचा विचार न करता पहिला स्तंभ असा मिळतो :

```
pdftotext -x 0 -y 0 -W 198 -H 842 yadi.pdf s1.txt
```

पुढील स्तंभांसाठी `-x` अनुक्रमे 198 व 396 ठेवावा. शीर्षकाची पट्टी वगळून प्रत्येक पूर्ण पानावर ३० अनुक्रमांक मिळतात का, हे मोजावे.

दुसरी चूक मराठी लिपीची आहे. समजा, पत्ता ‘चंदनसार, विरार (पूर्व)’ असा आहे. ऱ्हस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी उमटते आणि अनेक फाईलींतून ती त्याच क्रमाने बाहेर येते. ‘विरार’चे ‘िवरार’ होते, तर रफार मागे पडून ‘पूर्व’चे ‘पूवर्’ होते. ‘चंदनसार’मध्ये यांपैकी काहीच नसल्याने तो शब्द मात्र बिनचूक सापडतो. म्हणूनच केवळ त्या शब्दावर चाचणी घेणाऱ्याची फसगत होते.

मराठी शब्द वेलांटीने सुरू होत नाही. असे शब्द आढळले, की दोष निश्चित समजावा. मात्र तेवढेच शब्द सुधारून भागत नाही, कारण ‘महिला’चे झालेले ‘मिहला’ या चाचणीत सुटते. दोष संपूर्ण फाईलमध्ये असेल, तर प्रत्येक वेलांटी पुढील व्यंजनानंतर, जोडाक्षर असल्यास ते पूर्ण ओलांडून, न्यावी लागते.

निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये मतदारयाद्या चित्ररूपात प्रसिद्ध करण्याच्या सूचना दिल्या. अशा यादीवर अक्षरओळख प्रणाली वापरावी लागते. तेथे वेलांटीच्या क्रमाचा हा दोष सहसा उरत नाही, पण स्तंभांचा प्रश्न तसाच राहतो. त्यामुळे शोधात नाव न मिळाल्यास ते वगळले गेले असे मानण्यापूर्वी मूळ पान डोळ्यांनी पाहणे आवश्यक ठरते.